अधिकारपत्र कसे लिहावे : कागद घेणे वेगळे, पावतीवर सही करणे वेगळे

आपल्याला स्वतःला जाता येत नसेल, तर एखाद्या कार्यालयातून आपले कागद आणण्यासाठी सहकाऱ्याला पाठवताना जे अधिकारपत्र दिले जाते, ते बहुधा चार ओळींत उरकलेले असते. ‘मी, खाली सही करणार, श्री. अमुक यांना माझी सर्व कागदपत्रे स्वीकारण्यास अधिकृत करीत आहे, तरी त्यांना आवश्यक ते सहकार्य करावे’ एवढा मजकूर, खाली सही आणि सोबत ओळखपत्राची झेरॉक्स. पुष्कळदा एवढ्यावर काम भागतेही. अडचण येते ती पलीकडच्या कर्मचाऱ्याने कागदांबरोबर एक छापील पावती पुढे सरकवून ‘इथे सही करा’ म्हटल्यावर. त्या पावतीत काय लिहिलेले असेल हे पत्र देणाऱ्याला ठाऊक नसते, आणि ज्याला सही करायची असते त्याला त्यातले काय मान्य करायचे व काय नाही हे कोणी सांगितलेले नसते. म्हणून अधिकारपत्र लिहिताना कागद घेण्याविषयी जेवढे लिहावे, त्याहून अधिक पावतीविषयी लिहावे लागते. या लेखाचा रोख मुख्यतः त्या भागावर आहे.

बोलण्याला आधार म्हणून एक कल्पित प्रसंग घेऊ. नावेही कल्पित आहेत. संपदा कदम फोर्टमधल्या एका कंपनीत नोकरीला होत्या. मार्चअखेर ती नोकरी सोडून त्या अंधेरीच्या एका कार्यालयात रुजू झाल्या. जुन्या कंपनीने १ एप्रिल २०२६ च्या पत्राने कळवले की त्यांचे मूळ पदवी प्रमाणपत्र, अनुभव प्रमाणपत्र, सेवामुक्तीचे पत्र म्हणजे ज्याला सगळे ‘रिलीव्हिंग लेटर’ म्हणतात ते, आणि शिल्लक पगाराचा धनादेश तयार असून तो मनुष्यबळ विभागातून कामाच्या दिवशी सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत घेऊन जावा. नव्या नोकरीत पहिल्याच पंधरवड्यात अर्धा दिवस मागणे कदमबाईंना प्रशस्त वाटत नाही. त्यांचे सहकारी नितीन सावंत कामानिमित्त फोर्टला जाणारच आहेत आणि कागद आणायला तयार आहेत. मात्र एक गोष्ट अशी की शिल्लक रजेचे पैसे कंपनीने कमी धरले आहेत असे कदमबाईंचे म्हणणे आहे, आणि त्याबद्दल त्यांचा ई-मेलवर पत्रव्यवहार चालू आहे.

आता नेहमीचे चार ओळींचे पत्र घेऊन सावंत गेले, आणि त्यांच्यापुढे आलेल्या पावतीत ‘वरील कागदपत्रे व धनादेश मिळाला, माझा सर्व हिशेब पूर्ण झाला असून कंपनीकडे माझे काहीही येणे नाही’ असे छापलेले निघाले, तर काय होईल? सावंतांना रजेच्या पैशांचा वाद माहीत नाही. पत्रात ‘सर्व’ आणि ‘आवश्यक ते’ असे मोघम शब्द आहेत. ते सही करतील, कागद घेतील आणि संध्याकाळच्या लोकलने परततील. पुढे कदमबाईंनी रजेच्या पैशांचा विषय काढला की कंपनी ती पावती दाखवेल. अशा पावतीने वाद कायमचा मिटतोच असे नाही, पण मूळ हिशेबावर बोलण्याआधी त्या पावतीवरच खुलासे करत बसावे लागते.

यामागचा कायदा समजायला अवघड नाही. एकाने दुसऱ्याच्या वतीने काम करण्याचे नियम भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या दहाव्या प्रकरणात आहेत. त्यातले कलम १८८ सांगते की एखादे काम करण्याचा अधिकार दिला की ते काम पार पाडण्यासाठी लागणाऱ्या सर्व कायदेशीर गोष्टी करण्याचा अधिकारही त्यात येतो. कागद ताब्यात घ्यायचे म्हणजे पोच द्यावी लागणारच. त्यामुळे पत्रात पावतीचा उल्लेख केला नाही म्हणून सही करण्याचा अधिकार दिला नाही, असे मानता येत नाही. कलम २३७ त्याच्या पुढचे आहे. आपल्या शब्दांमुळे किंवा वागण्यामुळे समोरच्याचा असा समज झाला की पाठवलेल्या माणसाला अमुक करण्याचा अधिकार आहे, आणि त्या समजावर विसंबून त्याने व्यवहार केला, तर ‘मी तेवढा अधिकार दिलाच नव्हता’ असे म्हणून आपल्याला अंग काढून घेता येत नाही. सहकाऱ्याला तोंडी काय बजावले होते याला म्हणूनच फारसे महत्त्व उरत नाही. मर्यादा घालायची असेल तर ती पत्रातच, समोरच्याला वाचता येईल अशी लिहिलेली असली पाहिजे. अधिकारपत्र सहकाऱ्याच्या हाती दिलेले असले तरी ते लिहायचे असते पलीकडच्या टेबलावर बसलेल्या माणसासाठी.

पावतीवरची एक सही तीन वेगवेगळ्या गोष्टी कबूल करू शकते, आणि त्या तिन्हींचा भार सारखा नसतो. पहिली गोष्ट म्हणजे निव्वळ पोच : अमुक लिफाफा अमुक दिवशी माझ्या हाती आला. दुसरी म्हणजे तपासणीची कबुली : लिफाफा उघडला, आतले कागद यादीप्रमाणे मोजले, मूळ आहेत की प्रती हे पाहिले आणि ते सुस्थितीत मिळाले. तिसरी म्हणजे हक्क सोडल्याची किंवा हिशेब मिटल्याची कबुली : आता माझी कोणतीही तक्रार नाही, मागणी नाही, येणे नाही. पहिली सही कोणीही भरवशाचा माणूस करू शकतो. दुसरीसाठी काय तपासायचे याची यादी त्याच्याजवळ हवी. तिसरी सही ज्याचा हक्क त्यानेच करावी, हे माझे स्पष्ट मत आहे. तो अधिकार अधिकारपत्राने कधीही देऊ नये, वाद नसला तरी देऊ नये, कारण वाद आहे की नाही हे पुष्कळदा कागद हातात आल्यावरच कळते.

व्यवहारात या तिन्ही गोष्टी एकाच छापील वाक्यात गुंफलेल्या असतात. ‘यादीप्रमाणे सर्व कागदपत्रे तपासून सुस्थितीत मिळाली, काही तक्रार नाही’ हे वाक्य आवक-जावकच्या रजिस्टरात कित्येक ठिकाणी रबरी शिक्क्यानेच उमटवलेले असते. तेव्हा पत्रात दोन वाक्ये हवीत : एक अधिकार देणारे आणि एक तो थांबवणारे. अधिकार देणारे वाक्य असे लिहिता येईल : ‘वर नमूद केलेली कागदपत्रे व धनादेश मिळाल्याची पोच म्हणून आपल्या पावतीवर अथवा नोंदवहीत माझ्या वतीने सही करण्याचा अधिकार मी त्यांना देत आहे.’ आणि थांबवणारे वाक्य असे : ‘हिशेब पूर्ण झाल्याची, काही येणे बाकी नसल्याची अथवा कोणतीही मागणी सोडून दिल्याची कबुली देणाऱ्या मजकुरावर सही करण्याचा अधिकार त्यांना नाही.’ दुसरे वाक्य वाचून कंपनीला वाईट वाटेल, अविश्वास दाखवल्यासारखे होईल, अशी शंका काहींना येते. ती अनाठायी आहे. मनुष्यबळ विभागातल्या माणसालाही नंतर खुलासे करत बसण्यापेक्षा आपण नेमकी कोणाची आणि कशासाठी सही घेतली हे कागदावर असलेले बरे वाटते.

इंटरनेटवर सापडणाऱ्या तयार नमुन्यांबद्दल येथेच सांगितले पाहिजे. त्यांपैकी पुष्कळांच्या शेवटी ‘सदर व्यक्तीने माझ्या वतीने केलेली प्रत्येक कृती मी स्वतः केल्याप्रमाणे मला बंधनकारक राहील’ असे भारदस्त वाक्य असते. ते कुलमुखत्यारपत्रातून उचललेले आहे. मालमत्तेचे व्यवहार किंवा खटला सांभाळण्यासाठी विचारपूर्वक करून दिलेल्या दस्तात त्याची जागा आहे; चार कागद आणण्याच्या पत्रात ते घातले की वरच्या सगळ्या मर्यादा एका ओळीत पुसट होतात. समोरच्या कार्यालयाने तसे वाक्य मागितलेच, तर ‘वर नमूद केलेल्या मर्यादेत त्यांनी केलेली सही मला मान्य राहील’ एवढे लिहावे. अर्थ तोच, फक्त कुंपणासह.

धनादेशाचे प्रकरण थोडे वेगळे आहे, कारण धनादेश मिळणे म्हणजे पैसे मिळणे नव्हे. पावतीत ‘रु. १८,६४० मिळाले’ असे असेल तर सावंतांनी तिथे ‘धनादेशाने, वटण्याच्या अधीन’ हे शब्द लिहून मग सही करावी, आणि तसे करण्याची सूचना पत्रातच असावी. पाच हजारांहून अधिक रकमेच्या पावतीवर एक रुपयाचे महसूल तिकीट लावावे लागते, आणि धनादेशाची पावतीही त्यात येते. त्यामुळे अशा कामाला जाणाऱ्याच्या खिशात एक तिकीट असलेले चांगले, नाहीतर ऐन वेळी पोस्टाचे कार्यालय शोधत फिरावे लागते. सही करताना ती अर्धी तिकिटावर आणि अर्धी कागदावर येईल अशी करतात, म्हणजे तिकीट काढून दुसरीकडे वापरता येत नाही. धनादेश कदमबाईंच्याच नावे आणि रेखांकित असावा, रोख रक्कम घेण्याचा अधिकार सावंतांना नाही, हेही स्पष्ट लिहावे. रोख रक्कम दिल्याची नोंद आणि ती न मिळाल्याची तक्रार यांच्यात सहकारी अडकला, तर कामही बिघडते आणि संबंधही.

दुसरा महत्त्वाचा मुद्दा सही कशी करायची हा. येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘माझ्या वतीने सही कर’ असे सांगितले म्हणून काही जण चक्क पाठवणाऱ्याच्या नावाची, त्याच्या वळणाची सही करतात. हे कधीही करू नये. परवानगी असली तरी दुसऱ्याची सही काढणे हे त्याच्या वतीने सही करणे नव्हे. त्यातून सही बनावट असल्याचा संशय निर्माण होतो आणि तो निस्तरणे कठीण जाते. सावंतांनी स्वतःची नेहमीची सही करावी, तिच्याखाली आपले पूर्ण नाव लिहावे आणि सहीच्या वर ‘संपदा कदम यांच्या करिता’ असे लिहावे. सरकारी पत्रांत वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पदनामानंतर ‘करिता’ लिहून कनिष्ठ अधिकारी सही करतो, ती पद्धत बहुतेकांनी पाहिलेली असते, येथेही तेच. त्याला जोडून ‘दि. ६ एप्रिल २०२६ च्या अधिकारपत्रानुसार’ एवढे शब्द लिहिले की पावती आणि अधिकारपत्र एकमेकांना बांधले जातात, आणि पुढे कोणी पावती वाचली तर मर्यादा कुठे शोधायच्या हे त्याला कळते. यात सावंतांचेही हित आहे, कारण आपण कोणासाठी सही करत आहोत हे कागदावर न लिहिता केलेली सही आपल्याच गळ्यात पडू शकते.

नावांच्या बाबतीत थोडे चिकट असावे. दारावरचा रखवालदार आणि टेबलावरचा कर्मचारी, दोघेही पत्रातले नाव ओळखपत्रातल्या नावाशी पडताळून पाहतात. ओळखपत्रावर ‘नितीन भास्कर सावंत’ असेल तर पत्रातही तेच तीनपदरी नाव हवे. मुंबईतल्या खासगी कार्यालयांत समोरची व्यक्ती मराठी वाचणारी असेलच असे नाही, म्हणून पत्र इंग्रजीत द्यायचे झाले तर सावंत या आडनावात डब्ल्यू आहे की व्ही, हे ओळखपत्र पुढ्यात ठेवून लिहावे. एवढ्याशा फरकावरून परत पाठवणारी माणसे असतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. लग्नानंतर नाव बदलले असेल आणि जुन्या कंपनीच्या दप्तरी आधीचे नाव असेल, तर पत्रात दोन्ही नावे लिहून कर्मचारी क्रमांक द्यावा.

‘माझे सहकारी’ हे शब्द लिहायला हरकत नाही, पण त्याने ओळख पटत नाही. ओळख पटते ती छायाचित्र असलेल्या ओळखपत्राने आणि नमुना सहीने. सावंतांनी पत्राच्या तळाशी आपली सही करावी आणि तिच्याखाली ‘वरील सही श्री. सावंत यांची आहे’ असे लिहून कदमबाईंनी आपली सही करावी. म्हणजे पावतीवरची सही ताडून पाहायला त्या कार्यालयाजवळ काहीतरी राहते. दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती जोडाव्यात. आधारची प्रत देणे भागच असेल तर ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात ती मास्क्ड प्रत द्यावी, आणि कोणत्याही प्रतीवर ‘केवळ कागदपत्रे स्वीकारण्यासाठी’ असे तारखेसह आडवे लिहावे. पत्राच्या मजकुरात पूर्ण आधार क्रमांक लिहिण्याचे काही कारण नाही. ते पत्र कोणत्या फाइलीत जाऊन पडेल हे आपल्या हाती नसते.

कदमबाईंचे हे काम खासगी आहे, तेव्हा पत्र साध्या कागदावर लिहावे. नव्या कार्यालयाचे लेटरहेड घरच्यासारखे वापरण्याचा मोह टाळावा. त्या लेटरहेडवर पत्र गेले की सावंतांना ते कार्यालयच पाठवत आहे असा अर्थ होतो, आणि तसा अधिकार कदमबाईंकडे नसतो. उलट, काम कार्यालयाचेच असेल, उदाहरणार्थ एखाद्या ग्राहकाकडून निविदेची कागदपत्रे आणायची असतील, तर लेटरहेड आणि शिक्का दोन्ही हवेत, आणि सही करणारा माणूस संस्थेच्या वतीने तशी सही करण्यास मुखत्यार असलेला हवा. ज्याला स्वतःलाच अधिकार नाही, तो दुसऱ्याला अधिकार देऊ शकत नाही.

मुदतीबद्दल फार पाल्हाळ नको, पण ती असलीच पाहिजे. ‘हे पत्र दि. १७ एप्रिल २०२६ पर्यंत आणि एकदाच वापरण्यासाठी आहे’ असे लिहिले की आठ महिन्यांनी कोणी त्याचा आधार घेऊ शकत नाही. मुदत ठरवताना सुट्ट्या मोजाव्यात. या प्रसंगात १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुट्टी मध्ये येते. ‘स्वतः’ हा शब्दही घालावा. सोपवलेले काम अधिकार मिळालेल्या माणसाने पुढे तिसऱ्यावर सोपवू नये असे कलम १९० चे सर्वसाधारण तत्त्व आहे, तरी सावंत घाईत असले आणि त्यांनी ऑफिसच्या शिपायाला पाठवले, तर टेबलावरच्या माणसाला त्याला नाही म्हणायला पत्रातच आधार मिळतो. सावंतांचे जाणे अनिश्चित असेल तर दोन नावे द्यावीत, पण मग ‘या दोघांपैकी कोणीही एक’ असे न चुकता लिहावे, अन्यथा दोघांनी मिळून यावे असाही अर्थ काढता येतो.

आतापर्यंतचे सगळे एकत्र केले की पत्र असे होते.

‘दि. ६ एप्रिल २०२६, मुंबई.

प्रति, व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग (कंपनीचे नाव व पत्ता).

विषय : माझी कागदपत्रे व धनादेश स्वीकारण्यासाठी अधिकारपत्र. संदर्भ : आपले दि. १ एप्रिल २०२६ चे पत्र, कर्मचारी क्रमांक (….).

महोदय,

आपल्या संदर्भित पत्रानुसार मला द्यावयाची पुढील कागदपत्रे माझ्या वतीने स्वीकारण्याचा अधिकार मी श्री. नितीन भास्कर सावंत (वाहन चालविण्याचा परवाना क्र. ….) यांना या पत्राद्वारे देत आहे : (१) मूळ पदवी प्रमाणपत्र, एक, (२) अनुभव प्रमाणपत्र, एक, (३) सेवामुक्तीचे पत्र, एक, (४) माझ्या नावे काढलेला रेखांकित धनादेश, एक. एकूण नग ४, अक्षरी चार.

ही कागदपत्रे व धनादेश मिळाल्याची पोच म्हणून आपल्या पावतीवर अथवा नोंदवहीत स्वतःच्या नावाने, माझ्या करिता, सही करण्याचा अधिकार मी त्यांना देत आहे. धनादेशाची पोच तो वटण्याच्या अधीन राहील. रोख रक्कम स्वीकारण्याचा, देय रकमेबाबत काही ठरवण्याचा, तसेच हिशेब पूर्ण झाल्याची, काही येणे बाकी नसल्याची अथवा कोणतीही मागणी सोडून दिल्याची कबुली देणाऱ्या मजकुरावर सही करण्याचा अधिकार त्यांना नाही. तशा मजकुराची आवश्यकता असल्यास तो मला ई-मेलने पाठवावा.

हे अधिकारपत्र श्री. सावंत यांनी स्वतः, दि. १७ एप्रिल २०२६ पर्यंत, एकदाच वापरण्यासाठी आहे. खातरजमा करावयाची असल्यास आपल्या दप्तरी असलेल्या माझ्या दूरध्वनीवर संपर्क साधावा.

आपली विश्वासू, (सही) संपदा कदम.

श्री. सावंत यांची नमुना सही : (सही). वरील सही श्री. सावंत यांची आहे : (सही) संपदा कदम.

सोबत : दोघांच्या ओळखपत्रांच्या स्वसाक्षांकित प्रती.’

या मजकुरात दोन बारकावे मुद्दाम ठेवले आहेत. नगांची संख्या अंकी आणि अक्षरी अशी दोन्ही लिहिली आहे आणि यादी त्याच वाक्यात बंद केली आहे, म्हणजे नंतर कोणी पाचवा आकडा घुसवू शकत नाही. यादी आणि पुढचा परिच्छेद यांत मोकळी जागा राहिलीच तर तिथे आडवी रेघ मारावी. आणि ‘आपल्या दप्तरी असलेल्या दूरध्वनीवर’ असे म्हटले आहे, ‘खालील क्रमांकावर’ असे नाही, कारण पत्रातच क्रमांक दिला तर पत्र बनवून आणणारा स्वतःचा क्रमांक देऊन स्वतःच ‘हो, मीच पाठवले आहे’ असे सांगू शकतो. फोन केला तो माणूस खरा, याची खात्री कंपनीला जुन्या नोंदीवरूनच पटते. याच कारणाने पत्राची स्कॅन केलेली प्रत आदल्या दिवशी कदमबाईंनी आपल्या नेहमीच्या ई-मेलवरून त्या विभागाला पाठवून ठेवावी. त्यावर ‘चालेल’ असे एका शब्दाचे उत्तर आले तरी सावंतांची फेरी वाया जाण्याची भीती पुष्कळ कमी होते. काही कंपन्यांचा स्वतःचा ठरलेला नमुना असतो, तोही अशा वेळीच कळतो.

टेबलापाशी गेल्यावर सावंतांनी करायचे ते एवढेच. सही करण्याआधी लिफाफा उघडून चारही कागद पाहावेत. पदवी प्रमाणपत्र मूळ आहे ना, अनुभव प्रमाणपत्रावर सही आणि तारीख आहे ना, धनादेशावरचे नाव आणि अंकी-अक्षरी रक्कम जुळते ना, एवढे तपासायला पाच मिनिटे पुरतात. लिफाफा सीलबंद असेल आणि तो फोडू नये असे सांगितले गेले, तर पावतीवर ‘सीलबंद लिफाफा एक मिळाला, आतील कागद तपासलेले नाहीत’ असे लिहून सही करावी. पावतीत हिशेब मिटल्याचे वाक्य असेल तर ते खोडण्याची परवानगी मागावी आणि खोडल्यास तिथे दोन्ही बाजूंनी छोटी सही घ्यावी. खोडू देत नसतील तर पत्रातले मर्यादेचे वाक्य दाखवून, फक्त कागदांची पोच वेगळ्या कागदावर देण्याची तयारी दाखवावी. तेही मान्य होत नसेल तर सही न करता परत यावे. सही करून मागाहून ई-मेलवर निषेध नोंदवण्यापेक्षा रिकाम्या हाताने येणे परवडते, कारण कागद पुढच्या आठवड्यात मिळू शकतात, केलेली सही मात्र मागे घेता येत नाही. सही केलेल्या पावतीचा फोटो तिथेच काढावा आणि अधिकारपत्राच्या आपल्याजवळच्या प्रतीवर त्या विभागाचा पोचशिक्का घ्यावा.

अशा साध्या पत्राने काय होत नाही, हेही माहीत हवे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दुसऱ्याच्या वतीने दस्त नोंदणीसाठी सादर करायचा असेल, तर नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे रीतसर प्रमाणित केलेले कुलमुखत्यारपत्रच लागते. ते मुद्रांक शुल्क भरून करावे लागते. बँकेच्या खात्यावर व्यवहार करण्यासाठीही साधे पत्र चालत नाही. आणि जिथे मूळ अर्जदाराचा अंगठा, छायाचित्र किंवा मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो, तिथे सहकाऱ्याला फोनवर ओटीपी सांगून काम उरकणे म्हणजे अधिकारपत्राने घातलेल्या सगळ्या मर्यादा आपणच ओलांडणे होय.

कधी बेत बदलतो : सावंत आजारी पडतात किंवा कदमबाईंना स्वतःलाच जायला सवड मिळते. अशा वेळी सावंतांना ‘आता जाऊ नका’ एवढे सांगून भागत नाही. अधिकार काढून घेतल्याचा परिणाम समोरच्या कार्यालयापुरता ते त्या कार्यालयाला कळेल तेव्हापासून होतो, असे करार अधिनियमाचे कलम २०८ म्हणते. त्यामुळे ‘श्री. नितीन भास्कर सावंत यांच्या नावे दिलेले माझे दि. ६ एप्रिल २०२६ चे अधिकारपत्र मी आजपासून रद्द करीत आहे. कृपया या ई-मेलची पोच द्यावी’ असे दोन ओळींचे पत्र त्या विभागाला पाठवावे, त्याची प्रत सावंतांना द्यावी आणि मूळ कागद त्यांच्याकडून परत घ्यावा.

काम ठरल्याप्रमाणे झाले, तर अंधेरीला परतल्यावर एक छोटी पावती उरते, आणि ती बहुतेक जण संकोचापोटी राहू देतात. सावंतांनी आणलेले चार नग कदमबाईंनी मोजून घ्यावेत आणि ‘श्री. सावंत यांच्याकडून चारही नग आज मिळाले’ असे अधिकारपत्राच्या प्रतीवरच लिहून, सही करून, ती प्रत त्यांना द्यावी. पुढे कधी मूळ पदवी प्रमाणपत्र सापडेनासे झाले, तर कंपनीच्या दप्तरी शेवटची सही सावंतांची असते, आणि ते प्रमाणपत्र त्यांनी पुढे दिले होते याचा दुसरा कोणताही पुरावा त्यांच्याजवळ नसतो. धनादेश त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत भरावा लागतो. तो वटल्यावर रजेच्या पैशांचा पत्रव्यवहार कदमबाईंनी जिथे थांबला होता तिथून पुढे चालू ठेवावा.